मध्यस्थ न्याय करीत नाही, मग काय करतो?

एकाच कार्यालयातील दोन सहकाऱ्यांचे बोलणे बंद होते, वरिष्ठांनी दोघांना समजावून पाहिलेले असते, बदली शक्य नसते. अशा वेळी संस्थेबाहेरील मध्यस्थाला पाचारण करण्याची पद्धत आता आपल्याकडेही परिचित होऊ लागली आहे. बेंगळूरुमध्ये न्यायालयीन दाव्यांसाठी मध्यस्थी केंद्र २००७ च्या जानेवारीत सुरू झाले. तेथे पक्षकारांबरोबर जी कार्यपद्धती अवलंबिली जाते, तिचाच काहीसा अनौपचारिक अवतार कार्यालयीन वादात वापरला जातो. पंच किंवा लवाद निवाडा देतो; मध्यस्थाला तो अधिकार नसतो, आणि त्याचे सामर्थ्यही त्यातच आहे.

उदाहरणादाखल पीण्या औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना कल्पू या. लेखा विभागातील तिशीच्या बाई मराठी भाषिक, भांडारप्रमुख पन्नाशी ओलांडलेले कन्नड गृहस्थ. आलेल्या मालाच्या पावत्या भांडारातून उशिरा येतात, त्यामुळे महिनाअखेरचे हिशेब रखडतात, ही बाईंची तक्रार. त्यांनी साठ्यातील तफावतीचे आकडे ईमेलने कळविले आणि त्याची प्रत महाव्यवस्थापकांना पाठविली. त्यानंतर चार महिने दोघांमधील सारा व्यवहार केवळ ईमेलवर चालला आहे.

मध्यस्थ सर्वप्रथम महाव्यवस्थापकांना भेटतो, परंतु दोष कोणाचा हे विचारण्यासाठी नव्हे. या दोघांनी काही ठरविले तर त्यातील कोणत्या गोष्टींना आपली मंजुरी लागेल, आणि बैठकीत काय बोलले गेले याचा अहवाल आपल्याला मिळणार नाही हे मान्य आहे काय, एवढेच तो विचारतो. दुसऱ्या प्रश्नाला होकार नसेल तर काम स्वीकारू नये, हे उत्तम. अहवाल वर जाणार असेल तर दोघेही मध्यस्थाशी नव्हे, साहेबांशीच बोलत राहतात.

पुढे दोघांची स्वतंत्र भेट होते, प्रत्येकी तास-दीड तास. येथे मध्यस्थ तक्रार ऐकतो आणि दुसऱ्या पक्षासमोर बसण्याची खरोखर तयारी आहे का, हे पारखतो. मग संयुक्त बैठक. प्रत्येकाने अखंड बोलायचे, दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही. आपापल्या भाषेत बोलण्याची मुभा असते, कारण रागाचे खरे शब्द इंग्रजीत क्वचितच सापडतात. आपल्या उदाहरणात बाई म्हणतात, "मालवाहू गाड्यांच्या चालकांसमोर ते मला नीनू म्हणतात." कन्नडमध्ये नीनू म्हणजे तू, नीवू म्हणजे तुम्ही. भांडारप्रमुख म्हणतात, "साहेबांना प्रत पाठवून त्यांनी मला चोर ठरविले." मध्यस्थ दोन्ही वाक्ये सौम्य न करता, पण आरोपाची धार काढून परत मांडतो: "तुम्हाला परक्यांसमोर मान हवा आहे, आणि तुम्हाला तुमच्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली सहन होत नाही." पावत्यांचा उल्लेख त्यात नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

पावत्यांचे कोडे उलगडते ते पुन्हा घेतलेल्या खासगी भेटीत. नव्या संगणक प्रणालीत चुकलेली नोंद रद्द कशी करावी हे भांडारप्रमुखांना येत नाही. म्हणून हाताखालचा तरुण कामावर येईपर्यंत ते पावत्या अडवून ठेवतात. ही कबुली बाईंपर्यंत जाऊ नये, अशी त्यांची इच्छा. येथे मध्यस्थाचा नेहमीचा प्रश्न येतो: "यातले कोणते शब्द मी पलीकडे नेऊ?" बरेच बोलणे झाल्यावर "प्रणालीचे प्रशिक्षण अपुरे झाले" एवढे सांगण्यास ते संमती देतात. त्याहून एक शब्दही मध्यस्थ नेत नाही.

लेखी समझोता दोघेच रचतात. पावत्या रोज सायंकाळी ५ पर्यंत, तफावत दिसल्यास प्रथम दूरध्वनी, एका दिवसात उत्तर न आल्यास ईमेल, वरिष्ठांना प्रत त्यानंतरच, परस्परांना नीवू, भांडारप्रमुखांना दोन दुपारचे प्रशिक्षण, महाव्यवस्थापकांच्या मंजुरीस अधीन. "यापुढे सहकार्य करू" असे कलम कोणी सुचविले तर मध्यस्थ थांबतो. कोणी, काय, केव्हा हे त्यातून कळत नाही, आणि बहुधा एका पक्षाला खोलीतून लवकर सुटायचे असते, याचे ते लक्षण असते. फार झटपट झालेल्या होकाराकडेही तो संशयाने पाहतो, विशेषतः एक जण दुसऱ्याचा वरिष्ठ असेल तेव्हा.

काही प्रकरणे मध्यस्थाने परत करावीत. अपहार किंवा मारहाण झाली असेल तर चौकशीच हवी. लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत २०१३ चा कायदा स्पष्ट आहे: समेट केवळ तक्रारदार महिलेच्या विनंतीवरून, तोही अंतर्गत समितीमार्फत, आणि पैशाच्या आधारावर मुळीच नाही.

साधारण सहा आठवड्यांनी मध्यस्थ अर्ध्या तासासाठी पुन्हा येतो. समझोत्यातील एकेक कलम वाचून कोणते पाळले गेले, कोणते बदलायला हवे, हे विचारतो. मधल्या काळात भांडण झाले का, असे तो विचारत नाही. तफावत दिसली तेव्हा प्रथम दूरध्वनी कोणी केला, एवढे मात्र आवर्जून विचारतो.