जुलाब वाटले, पण होती बद्धकोष्ठता

आजचा विषय जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नाही आणि मुलं तर आईजवळही काढत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलांचं पोट साफ न होणं, असा तो विषय आहे. मी इंदूरला मुलांची डॉक्टर आहे. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत माझ्याकडे पोट दुखतंय म्हणून येणारी चौदा ते अठरा वर्षांची मुलं एकदम वाढतात. त्यातल्या एका मुलीची गोष्ट आज सविस्तर सांगते, कारण तिच्या घरी जी चूक झाली ती पुष्कळ घरांत होते. तिला आपण सई म्हणू. हे तिचं खरं नाव नाही.

सई पंधरा वर्षांची, दहावीत होती. जानेवारीच्या शेवटी तिची आई तिला घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, हिला तीन आठवडे जुलाब होताहेत. थांबतच नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा कपडे खराब होतात आणि हिला कळतही नाही. परीक्षा महिन्यावर आलीय, पेपरला बसणार कशी ही?" सई खाली मान घालून बसली होती. आईने केमिस्टकडून जुलाब थांबवायची गोळी आणून दिली होती. भाजी, फळं बंद करून फक्त दहीभात चालू ठेवला होता. तरी त्रास वाढतच होता, भूक गेली होती आणि पोट दुखत होतं.

मी सईला तपासणीच्या टेबलावर झोपवलं आणि पोटावर हात ठेवला. बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला एक टणक लांबट गोळा हाताला लागला. तो साठलेल्या मळाचा होता. सईला जुलाब नव्हतेच. तिला इतकी बद्धकोष्ठता झाली होती की तुंबलेल्या मळाच्या कडेकडेने पातळ मळ झिरपत होता.

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. मळ शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते आणि आपल्याला 'जायला हवं' अशी कळ येते. त्या वेळी आपण गेलो नाही, आवळून धरलं, तर काही मिनिटांत कळ विरून जाते. मळ मात्र तिथेच राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जाणं चालूच राहतं. दुसऱ्या दिवशी तो जास्त कोरडा, जास्त मोठा होतो. मग जाताना दुखतं, कधी चीर पडून रक्ताचा थेंब दिसतो. दुखतं म्हणून मूल आणखी टाळतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की गुदाशय सैल पिशवीसारखा फुगतो. ताणाची त्याला सवय होते, कळ येणंच बंद होतं. वरून येणारा पातळ मळ त्या टणक गोळ्याला वळसा घालून बाहेर झिरपतो, आणि कळ नसल्यामुळे मुलाला ते कपड्यांना लागल्यावरच कळतं.

आता जुलाब थांबवायच्या गोळीने काय केलं? ती आतड्याची हालचाल मंद करते. आधीच तुंबलेली वाट तिने आणखी बंद केली. भाजी आणि फळं बंद केल्याने मळ मऊ ठेवणारा चोथाही गेला. आईने काळजीपोटी केलं, पण आजाराला उलट मदत झाली.

मग घरी फरक ओळखायचा कसा? खरे जुलाब बहुतेक वेळा अचानक सुरू होतात, भरपूर आणि पाण्यासारखे होतात, कळ जोरात येते, सोबत ताप किंवा उलटी असू शकते आणि काही दिवसांत थांबतात. तुंबल्यामुळे झिरपणारा मळ थोडा थोडा असतो, न कळत कपड्याला लागतो, आठवडेच्या आठवडे चालतो. आणि मागे जाऊन विचारलं तर त्याआधी चार-चार दिवस शौचाला न झाल्याची, झाली तेव्हा भांड्यात अडकेल इतकी जाड आणि कडक झाल्याची आठवण निघते. सईलाही मी हेच विचारलं. दिवाळीनंतर ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी जात होती. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

मी आईला बाहेर बसवून सईकडून तिचा पूर्ण दिवस ऐकला. पहाटे पाचला उठायचं, सहाला गणिताची शिकवणी, जाताना हातात बिस्किटांचा पुडा. तिथूनच शाळा. शाळेत मुलींच्या संडासाची एक कडी तुटलेली, दुसऱ्यात पाणी नाही. त्यामुळे तिथे जायचं नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. अर्धा लिटरची बाटली भरलेलीच घरी परत यायची. अडीचला जेवण, तेही दोन घास. संध्याकाळी क्लासबाहेर कचोरी किंवा मोमो. रात्री बाराला अभ्यास करताना नूडल्स. झोप एकला.

यात सगळ्यात मोठं नुकसान कशाने झालं? कचोरीवर सगळे पटकन बोट ठेवतात, पण मी सकाळच्या वेळेवर ठेवीन. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप जोराने हलतं आणि मळ पुढे ढकलतं. ही हालचाल सकाळी, उठल्यानंतर आणि न्याहारीनंतर, सगळ्यात चांगली असते. सईच्या दिवसात न्याहारी नव्हतीच, आणि शरीर जेव्हा जायला सांगायचं तेव्हा ती शिकवणीत किंवा कडी तुटलेल्या शाळेत असायची.

उपचार दोन टप्प्यांत केला. पहिला टप्पा साठलेलं बाहेर काढण्याचा. त्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर पाण्यात कालवून देतात. ती शरीरात जवळजवळ शोषली जात नाही, फक्त पाणी धरून ठेवते आणि मळ भिजवून मऊ करते. या टप्प्यात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस, असं प्रमाण असतं. सईचं वजन ४८ किलो होतं, म्हणून दिवसाला साधारण ५० ग्रॅमपासून सुरुवात केली. हे प्रमाण डॉक्टरने पोट तपासून ठरवायचं असतं, ऐकून स्वतः सुरू करू नका. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलं, म्हणजे शनिवार-रविवार ती घरी, संडासाजवळ राहील. पहिल्या दोन दिवसांत कपडे जास्तच खराब झाले. हे होणार, असं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर तिने औषध बंद केलं असतं. चौथ्या दिवशी पोट मऊ लागलं.

दुसरा टप्पा टिकवण्याचा, आणि घरं इथेच चुकतात. पोट साफ झालं, आता औषध कशाला, असं म्हणून आठवड्याभरात बंद करतात. पण सैल झालेला गुदाशय आठवड्यात मूळ आकाराला येत नाही. म्हणून तीच पावडर कमी प्रमाणात, दर किलोमागे ०.४ ते ०.८ ग्रॅम, किमान दोन महिने चालू ठेवायची आणि मग हळूहळू कमी करायची. सवय लागेल का, हा प्रश्न सईच्या आजीने विचारला. या औषधाने आतड्याला सवय लागत नाही. आजींना इसबगोल द्यायचा होता. इसबगोल चांगला आहे, पण तो पाणी पिऊन फुगतो. मळाचा गोळा आधीच अडकलेला असताना, तेही कमी पाण्यासोबत, इसबगोल दिला तर कोंडी वाढते. आधी वाट मोकळी करायची, मग इसबगोल.

सोबत दिवसाची घडी बदलली. पहाटेची शिकवणी संध्याकाळी घेतली. सकाळी पोटभर न्याहारी, त्यानंतर वीस मिनिटांनी संडासात बसायचं, कळ आली नाही तरी. पाच ते दहा मिनिटं, मोबाइल बाहेर. कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. ज्यांची पहाटेची शिकवणी सुटत नाही त्यांनी हेच रात्रीच्या जेवणानंतर करावं.

खाण्यात मी यादी दिली नाही. मुलाचं वय अधिक पाच, इतके ग्रॅम चोथा रोज, हा साधा हिशेब सांगितला. सईला वीस ग्रॅम हवा होता. कणकेच्या एका पोळीत साधारण तीन ग्रॅम, वाटीभर राजमा किंवा हरभऱ्याच्या उसळीत पाच, एका मध्यम पेरूत आठ. चार पोळ्या आणि एक पेरू झाला की वीस भरले. मैद्याच्या कचोरीत आणि मोमोत तो नावालाच असतो. कचोरी मी बंद केली नाही, फक्त ती जेवणाच्या जागी नको म्हटलं. पाणी किती? लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं. गडद असेल तर कमी पडतंय. शाळेच्या कडीचं काम आईने मुख्याध्यापिकांना भेटून करून घेतलं. औषधाइतकंच तेही गरजेचं होतं.

पेपरच्या दिवसाचंही ठरवलं. सीबीएसईचा पेपर साडेदहाला सुरू होतो आणि दहानंतर केंद्रात सोडत नाहीत. म्हणून सहाला उठणं, सातला न्याहारी, साडेसातला संडास. पहिल्या पेपरच्या आधी दोन आठवडे रोज हीच वेळ पाळली. सईने सगळे पेपर दिले. कपडे खराब होणं तोवर थांबलं होतं. औषध मात्र मेपर्यंत चाललं.

प्रत्येक बद्धकोष्ठता अशीच असते असं नाही. वजन घटत असेल, ताप येत असेल, मळात रक्त मिसळून येत असेल, हिरव्या उलट्या होत असतील, पोट फुगून घट्ट झालं असेल, पायात अशक्तपणा असेल किंवा जन्मापासून त्रास असेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे जा. थायरॉइड कमी असणं, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सीलिअ‍ॅक आजार, अशी कारणं तपासावी लागतात.

आणि आज घरी जाऊन एकच प्रश्न विचारा. 'पोट बरं आहे ना' असं नको, त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. 'शेवटचं कधी गेलास?' असं विचारा. सईच्या आईने हा प्रश्न दिवाळीला विचारला असता, तर त्या गोळीची वेळच आली नसती. भेटू पुढच्या भागात.