पडून राहिलेल्या मालातून पैसा मोकळा करताना : नागपूरच्या कापडबाजाराचा आढावा

नागपूरच्या गांधीबाग आणि इतवारी भागातल्या कापड दुकानांत वर्षभराची मोठी खरेदी दोन हंगामांसाठी होते. पहिला दसरा-दिवाळीचा, दुसरा लग्नसराईचा. गावाकडचा गिऱ्हाईक कापूस विकून हातात पैसा आल्यावर खरेदीला येतो. पीक लांबले की दुकानातला मालही लांबतो. हंगाम सरल्यावर फळीवर उरलेल्या साड्या आणि थानांत दुकानदाराचा किती पैसा गुंतला आहे, हे विक्रीच्या वहीत दिसत नाही. ते मोजावे लागते.

मोजणीची पहिली अट म्हणजे प्रत्येक नगाची किंमत खरेदीभावाने धरणे. छापील किंवा विक्रीच्या भावाने धरली, तर हाती न आलेला नफाही साठ्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. दुसरी अट, प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर खरेदीचा महिना असणे. अनेक दुकानांत चिठ्ठीवर खरेदीभाव सांकेतिक अक्षरांत लिहिलेला असतो. त्याशेजारी महिना आणि वर्ष लिहिले की माल किती जुना आहे ते कळते. चिठ्ठी नसेल तर खरेदीच्या बिलावरून महिना काढावा, पण अंदाजाने टाकू नये.

समजा, एका मध्यम साडी दुकानात खरेदीभावाने ६० लाखांचा साठा निघाला आणि वर्षभरात विकल्या गेलेल्या मालाचा खरेदीभाव दीड कोटी आहे. म्हणजे साठा वर्षातून अडीच वेळा फिरतो आणि सरासरी नग १४६ दिवस दुकानात राहतो. ही सरासरी मात्र फसवी असते. वयाप्रमाणे फोड केली तर तीन महिन्यांच्या आतला माल २७ लाखांचा, तीन ते सहा महिन्यांचा १५ लाखांचा, सहा महिने ते वर्षाचा १० लाखांचा आणि वर्षावरचा ८ लाखांचा निघतो. खरा प्रश्न या शेवटच्या ८ लाखांचा आहे. दुकान कॅश क्रेडिटवर चालत असेल आणि व्याज ११ टक्के असेल, तर त्यावर वर्षाला ८८ हजार रुपये नुसते व्याज जाते. शिवाय जुना माल अनेक बँका तारणात धरत नाहीत, त्यामुळे खात्यातून उचलता येणारी रक्कमही कमी होते.

जुना माल सरसकट काढून टाकणे मात्र चुकीचे. फेब्रुवारीत शिल्लक राहिलेल्या शालींचा हंगाम पुढच्या थंडीत येणारच असतो. सुती नऊवारी हळू विकली जाते, पण तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते आणि त्याच फेरीत ते घरच्यांसाठी दुसरेही कापड नेते. ज्या रंगाला किंवा डिझाइनला लागोपाठ दोन हंगामांत मागणी आली नाही, तो माल मात्र थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

सहा ते बारा महिन्यांच्या मालावर आधी साधे उपाय करावेत. तो दर्शनी फळीवर आणावा, पुरवठादार तयार असेल तर बदलून घ्यावा, चालत्या साडीबरोबर जोडीने द्यावा. पुरवठादाराकडे परतीची मुदत बहुधा थोडी असते, त्यामुळे हे पाऊल उशिरा पडले की उपयोगाचे राहत नाही. वर्षावरच्या ८ लाखांतला ५ लाखांचा माल खरेदीभावाच्या ७५ टक्क्यांना सेलमध्ये गेला, तर ३ लाख ७५ हजार मिळतात. उरलेला ३ लाखांचा माल लॉट घेणाऱ्याला ४० टक्क्यांनी दिला की १ लाख २० हजार. एकूण हाती ४ लाख ९५ हजार येतात आणि तोटा ३ लाख ५ हजारांचा होतो. हा तोटा पाहून बहुतेक दुकानदार मागे हटतात, आणि तिथेच त्यांचा हिशेब चुकतो. सुटलेली रक्कम खरेदीवर २५ टक्के ढोबळ नफा देणाऱ्या चालत्या मालात घातली आणि ती दुकानाच्या नेहमीच्या वेगाने, म्हणजे वर्षातून अडीच वेळा फिरली, तर सुमारे ३ लाख ९ हजार परत येतात. साधारण वर्षभरात तोटा भरून निघतो. चालत्या मालाला तेवढी मागणी नसेल तर ती रक्कम कर्जात भरणे बरे.

करांचा विचारही विक्रीच्या बाजूनेच झुकतो. खरेदीभावाखाली विकले तरी खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट टिकते. पण माल नष्ट केला, खात्यातून काढून टाकला किंवा भेट म्हणून वाटला, तर कायद्याच्या कलम १७(५)(ज), म्हणजे इंग्रजी प्रतीतील 'एच' उपकलमानुसार, ते क्रेडिट मिळत नाही. 'एकावर एक मोफत' ही योजना यात मोडत नाही, कारण तिथे दोन नग मिळून एकाच किमतीला विकले जातात.

सेल फसला की नाही हे ओळखणे अवघड नाही. त्यात नवा माल मिसळला तर गिऱ्हाईक तोच उचलतो आणि जुना तसाच राहतो. म्हणून सेलच्या नगांची चिठ्ठी वेगळ्या रंगाची असावी आणि रोजची विक्री तिच्यावरून लिहावी. सेल वर्षभर चालला तर गिऱ्हाईक पूर्ण भाव द्यायचे थांबतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करावी. वर्षावरचा माल घटला, पण एकूण साठा तेवढाच राहिला आणि बँकेची बाकी उतरली नाही, तर सुटलेला पैसा नव्या खरेदीत अडकला असे समजावे. मग पुढच्या ऑर्डरीआधी प्रत्येक प्रकाराची गेल्या हंगामातली विक्री पाहून खरेदीची मर्यादा ठरवावी लागते.