पिवळ्या दिव्यातले प्रकाशकण

महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा लावला की आधी त्यातून लालसर उजेड येतो. काही मिनिटांत आतलं सोडियम तापतं, त्याची वाफ होते आणि खोली पिवळी होते. त्या उजेडात लाल शाईची अक्षरंही काळपट दिसतात, कारण दिव्यातून जवळजवळ एकाच तरंगलांबीचा प्रकाश येत असतो: ५८९ नॅनोमीटर.

म्हणूनच प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, मोजायला हा दिवा सोयीचा. माक्स प्लांकने १९०० साली मांडलेल्या आणि आइनस्टाइनने १९०५ मध्ये प्रकाशाला लावलेल्या कल्पनेनुसार एका फोटॉनची ऊर्जा E = hc/λ या सूत्रातून मिळते. h हा प्लांकचा स्थिरांक, c प्रकाशाचा वेग आणि λ तरंगलांबी. पहिल्या दोन्ही राशी ठरलेल्या आहेत, त्यामुळे बदलते ती फक्त तरंगलांबी.

गणित करताना हमखास चूक होते ती इथेच: नॅनोमीटरचे मीटर करायचे राहून जातात आणि उत्तर अब्जावधी पटींनी चुकतं. ५८९ × १०⁻⁹ मीटर घेतले, तर ऊर्जा येते ३.३७ × १०⁻¹⁹ ज्यूल. ताळा करायचा झाल्यास १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागावं. उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळतं. इथे ते २.१ येतं, आणि दृश्य प्रकाशासाठी ते साधारण पावणेदोन ते सव्वातीनच्या दरम्यानच असायला हवं.

आता दिवा १०० वॅटचा धरू. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. म्हणून १०० ला एका फोटॉनच्या ऊर्जेने भागायचं. उत्तर सेकंदाला सुमारे ३ × १०²⁰ फोटॉन, म्हणजे ३ वर २० शून्ये! तेवढ्याच शक्तीच्या निळ्या प्रकाशात ते कमी भरतील, कारण निळा फोटॉन जास्त ऊर्जेचा असतो.

पाठ्यपुस्तकातलं गणित इथे संपतं, खरा दिवा मात्र सगळी वीज प्रकाशात बदलत नाही. कमी दाबाचा चांगला सोडियम दिवा तिचा साधारण एक तृतीयांश भाग पिवळ्या प्रकाशात देतो, बाकीची बहुतेक उष्णता होते. म्हणजे हाती उरतात १०²⁰. रस्त्यावरच्या सोनेरी, जास्त दाबाच्या दिव्यांना तर एकच तरंगलांबी लावताच येत नाही. त्यांच्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात.

हाच दिवा १० किलोमीटरवरून पाहिला तर? प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो आणि हवा काहीच शोषत नाही असं मानलं, तरी अंधारात ७ मिलिमीटर रुंदावलेल्या बाहुलीतून सेकंदाला सुमारे ३० लाख फोटॉन आत शिरतात. १९४२ साली हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी केलेल्या प्रयोगात अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर निळसर हिरव्या प्रकाशाचे जेमतेम ५४ ते १४८ फोटॉन पडले, तरी ती क्षणिक चमक माणसाला जाणवत होती.