गिधाड गेले, मढे उरले

श्रीवर्धन-म्हसळ्याकडे ढोर मेले की ते गावाबाहेर माळावर टाकीत. थोड्याच वेळात आभाळातून गिधाडे उतरत. थवा मोठा असला, तर तासाभरात नुसती हाडे उरत. १९९० नंतर हे चित्र पालटले. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर देशभरात हजारी एखादेच उरले.

मग माळावर काय झाले? आपण पाटीवर मांडून पाहू. 'गवत' लिहा. तेथून 'गाई'कडे बाण काढा. गाईपासून 'गिधाडा'कडे दुसरा बाण. टोक नेहमी खाणाऱ्याकडे, कारण अन्नातली शक्ती तिकडे जाते. गवताला ती उन्हातून मिळते. गाय चालते, श्वास घेते, शेण टाकते. त्यात बहुतेक शक्ती जाते. गवतात शंभर पैसे धरले, तर गाईच्या अंगी दहाएक पैसे उरतात आणि गिधाडाच्या अंगी एखादा. हिशेब ढोबळ आहे. पण माळावर गवत उदंड आणि गिधाडे थोडी का, ते त्यावरून कळते.

मेलेल्या गाईवर कुत्री, कावळे, माश्याही येतात. तेही बाण काढा. झाले जाळे!

आता गिधाड पुसा. गवताला काही फरक नाही. गाईलाही नाही, कारण गिधाड जिवंत गाय मारीत नाही. पण मढे पडून राहते. गिधाडाच्या वाट्याचे मांस कुत्र्यांना मिळते, त्यांची जास्त पिल्ले जगतात. तसेच घडले. कुत्री वाढली, माणसांना चावे वाढले, पिसाळण्याचे भय वाढले. शिवाय गिधाडाच्या पोटातले आम्ल जहाल असते, त्यात बहुतेक रोगजंतू मरतात. कुत्र्याचे तसे नाही, आणि ते मढ्यावरून उठून थेट आपल्या ओट्यावर येते.

पण गिधाडे मेली कशाने? अन्न तर भरपूर होते. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध टोचू लागले होते. औषध टोचलेले ढोर लगेच मेले, की औषध मांसात राही आणि त्याच बाणाने गिधाडात जाई. गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडत, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसे. २००४ साली संशोधकांनी हे उघड केले. शंभरातले एक मढे जरी विषारी असले, तरी तेवढ्याने गिधाडे संपतात, असा त्यांचा हिशेब निघाला. एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो, आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. मेलेली भरून यायची कशी?

गुरांसाठी या औषधावर २००६ साली सरकारने बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालते. त्याने गिधाडाला अपाय होत नाही. ढोर आजारी पडले तर डॉक्टरांना औषधाचे नाव विचारावे. म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानात उंच झाडांवर गिधाडांची घरटी आजही आहेत.