पाकोळी की भिंगरी: आधी पंख पाहा

आकाशात भिरभिरणाऱ्या पाखराचा एखादा बरा फोटो खटपटीनं मिळतो, तो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर पडतो आणि पहिला शेरा येतो, ‘शेपटी दुभंगलेली आहे, म्हणजे भिंगरीच.’ या शेऱ्यावर विसंबू नये. ताडामाडांच्या आसपास घिरट्या घालणाऱ्या ताडपाकोळीची शेपटी चांगली खोल दुभंगलेली असते, पण ती भिंगरी नव्हे. उलट गडांच्या कड्यांशी दिसणारी धुरकट तपकिरी क्रॅग मार्टिन भिंगऱ्यांच्याच कुळातली, आणि तिची शेपटी मात्र जवळजवळ सरळ कापलेली.

स्विफ्ट म्हणजे पाकोळी आणि स्वॉलो म्हणजे भिंगरी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मार्टिन हे काही तिसरं कूळ नाही. ज्या पक्ष्याला ब्रिटनमध्ये सँड मार्टिन म्हणतात, त्यालाच अमेरिकेत बँक स्वॉलो म्हणतात. त्यामुळे फोटोसमोर बसल्यावर पहिला निवाडा दोघांतच करायचा असतो: एकीकडे पाकोळ्या, दुसरीकडे भिंगऱ्या आणि मार्टिन. पाकोळ्यांचं जवळचं नातं हमिंगबर्डशी आहे, तर भिंगऱ्या चिमण्या-बुलबुलांच्या गणातल्या. दोघीही उडते किडे उडतानाच पकडतात, म्हणून बांधा सारखा झाला, एवढंच.

पण हाडं वेगळीच राहिली. पक्ष्याच्या पंखात आपल्यासारखाच दंड, मग कोपर, मग मनगट आणि पुढे पंजाचा भाग असतो. पाकोळीचा दंड अतिशय आखूड, आणि पंजाच्या भागाला लागलेली मोठी पिसं फार लांब. त्यामुळे तिचं मनगट जवळजवळ अंगाला चिकटलेलं दिसतं आणि तिथून टोकापर्यंत सगळा पंख कोयत्याच्या पात्यासारखा एकाच बाकात जातो. भिंगरीचं मनगट अंगापासून बरंच बाहेर असतं. तिच्या पंखाचा आतला भाग रुंद, मग मनगटाशी नीट दिसणारा कोन, आणि त्यापुढे निमुळतं टोक. एकूण आकार लांबट त्रिकोणाचा.

हे पडद्यावर मोजताही येतं. फोटो मोठा करून कागदाच्या पट्टीवर दोन अंतरं मांडायची: अंगापासून मनगटाच्या वळणापर्यंत, आणि वळणापासून टोकापर्यंत. पाकोळीत पहिलं अंतर दुसऱ्याच्या मानानं इतकं किरकोळ असतं की खूण कुठे करावी असा प्रश्न पडतो. भिंगरीत ती खूण सहज करता येते.

पंख मागे किती ओढलेला आहे, यावर मात्र एकट्यावर निकाल देऊ नये, कारण तो पक्ष्याच्या मर्जीवर बदलतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पाकोळ्यांचे पंख वाऱ्याच्या बोगद्यात तपासले आणि २००७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की संथ तरंगताना ताणलेला पंख फायद्याचा, तर वेगानं जाताना मागे ओढलेला. म्हणजे रमतगमत तरंगणारी पाकोळी बरीच सरळ पंखांची दिसू शकते. भिंगरीचं उलटं होतं. पंख वर उचलताना ती तो अर्धवट मिटते, आणि कॅमेऱ्यानं नेमका तोच क्षण पकडला तर तिचाही पंख मागे वळलेला, बाकदार दिसतो. म्हणून एका फ्रेमवर समाधान मानू नये. सलग दहा-बारा फ्रेम घ्याव्यात आणि त्यांतली पंख पूर्ण उघडलेली, पक्षी शक्यतो थेट खालून दिसणारी फ्रेम निवडावी. बाजूनं घेतलेल्या फोटोत जवळचा पंख आक्रसतो आणि दोन्ही अंतरांचं प्रमाणच बिघडतं.

आता शेपटी. दुभंग म्हणजे बाहेरची पिसं लांब आणि मधली आखूड. शेपटी मिटलेली असताना ही दुफळी खोल दिसते, वळण घेताना ती पंख्यासारखी उघडली की टोकं एका ओळीत येऊ लागतात आणि दुफळी उथळ भासते. ताडपाकोळी तर शेपटी इतकी घट्ट मिटून उडते की फोटोत मागे नुसता एक काटा दिसतो. तारवाली भिंगरी आणखी फसवी. तिच्या शेपटीच्या दोन तारा इतक्या बारीक की उजळ आकाशासमोर त्या फोटोत विरूनच जातात, आणि उरते ती चौकोनी शेपटी. अशा वेळी शुभ्र पोट आणि तांबूस टोपी पाहावी.

हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या माळभिंगरीचं दुखणं निराळं. तिची पिसं बदलण्याचा हंगाम हाच. जुनी लांब टोकं गळालेली, नवी अजून वाढीला लागलेली, त्यात पहिल्या वर्षाच्या पिलांची टोकं मुळातच आखूड. पुस्तकातल्या चित्रासारखी लांब कात्री शोधत बसलात तर डिसेंबरातल्या कित्येक माळभिंगऱ्या नापास होतील. तांबूस गळा आणि त्याखालचा गडद पट्टा जास्त भरवशाचा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा सिंहगडासारख्या गडाच्या कड्याशी काढलेला फोटो आहे: लहान गडद पक्षी, शेपटी चौकोनी. तिथे दोन उमेदवार असतात, छोटी पाकोळी आणि क्रॅग मार्टिन. शेपटी इथे काहीच सांगत नाही, म्हणून पंखाकडे जायचं. मनगट अंगालगत आणि पंख अरुंद असेल तर पाकोळी. मग खात्रीसाठी गळा पांढरा आहे का ते पाहायचं, आणि पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा. हा पट्टा कुशीपर्यंत वळलेला असतो, म्हणून पक्षी थोडा कलला तरी खालूनही त्याची कड दिसते. पंख रुंद बुडाचा असेल, पांढरं काहीच नसेल, तर वळण घेतानाची फ्रेम काढून पसरलेली शेपटी तपासायची. तिच्यात टोकाच्या थोडं आत पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसली की ती क्रॅग मार्टिन. छोट्या पाकोळीच्या शेपटीत असे ठिपके नसतात.

हे ठिपके आणि गळ्याचा रंग टिकवायचा तर फोटो काढतानाच काळजी हवी. आकाशासमोर कॅमेरा पाखराला काळं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप वर न्यावं. आकाश पांढरं पडलं तरी पडू द्यावं. शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. हललेल्या फोटोत पंखाचं टोक पुसट होतं, लांब पंख आखूड दिसतो आणि पाकोळीची भिंगरी होऊन बसते.

तारेवर बसलेला फोटो असेल तर मोजमापाची गरजच नाही. नेहमीच्या पाकोळ्यांचे पाय फार आखूड. त्या भिंतीला, कपारीला लटकतात, चिमणीसारख्या तारेवर बसत नाहीत. निष्पर्ण फांदीवर ताठ बसणारी तुरेवाली ट्रीस्विफ्ट तेवढी वेगळी, पण तिचं कूळही वेगळं आहे.

आणि दूरवरचा नुसता काळा ठिपका असेल, वळण दिसतंय पण रंग नाही, तर कुळाशी थांबावं. eBird वर `swift sp.` आणि `swallow sp.` अशा नोंदींची सोय आहे. ओढूनताणून जातीचं नाव लिहिण्यापेक्षा अशी नोंद जास्त उपयोगी पडते.