‘म’च्या पोटातलं कणीस

लोगोतल्या रिकाम्या जागेत दडवलेला आकार बोट ठेवून दाखवावा लागला की तो फसला, असं सर्रास मानलं जातं. फेडएक्सचा लोगो याला उत्तर आहे. लिंडन लीडर यांनी १९९४ मध्ये केलेल्या या लोगोत इंग्रजी ई आणि एक्स यांच्यामध्ये पांढरा बाण आहे. अनेकांना तो वर्षानुवर्षं दिसत नाही, पण एकदा दिसला की नजरेआड होत नाही. कारण त्याच्या कडा नेमक्या जुळाव्यात म्हणून अक्षरांची घडणच बदलली होती, आणि बाण न दिसणाऱ्यालाही नाव नीट वाचता येतं. याउलट रुपयाचं चिन्ह पाहा. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या उदय कुमार यांची ही रचना १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली गेली. वरच्या दोन रेघा आणि मधली पांढरी पट्टी तिरंगा सुचवतात, असं सांगितलं गेलं. चिन्ह उत्तम आहे. पण कोणत्याही दोन समांतर रेघांमध्ये पट्टी उरतेच, म्हणून तिथला तिरंगा डोळ्यांपेक्षा स्पष्टीकरणातून कळतो.

दुसरा गैरसमज असा की, जागा मोकळी ठेवली की आकार आपोआप उमटतो. खरं तर दोन रंगांमधली कड डोळा एका वेळी एकाच बाजूला बहाल करतो, आणि बंदिस्त, सममित भागाला वस्तू मानण्याकडे त्याचा कल असतो. समजा, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पोत्यासाठी ‘म’च्या पोटात कणीस दाखवायचं आहे. तिथली जागा बंदिस्त असल्याने सुरुवात अनुकूल आहे. पण वरची शिरोरेषा कणसाचा माथा सपाट कापते, आणि पाहणाऱ्याला घडा किंवा दिव्याचा बल्ब दिसतो. म्हणून आतल्या कडा गोलावून दाण्यांच्या खाचा दोन्ही बाजूंना सारख्या कोराव्या लागतील. धाटासाठी खालची आडवी रेघ आरपार कापली, तर मात्र ‘म’चा ‘ग’ होतो आणि गावाचं नाव ‘गंगळवेढा’ वाचलं जातं. तेव्हा धाट रेघेतच थांबवावं.

पारख सोपी आहे. अक्षर पुसून फक्त ती मोकळी जागा काळ्या रंगात भरा आणि काही न सांगता चार-पाच जणांना, शक्यतो ज्वारी पिकवणाऱ्यांना, हे काय आहे ते विचारा. ‘यात कणीस दिसतं का?’ असं मात्र विचारू नका. मग सगळे हो म्हणतात. उत्तरं वेगवेगळी आली तर आकार अजून घडलेला नाही. मग अख्खा लोगो नखाएवढा करून, आणि काळं-पांढरं उलटवूनही पाहा.

पोत्यावरच्या ढोबळ छपाईत एवढं कोण बघतं, असा आक्षेप येईल. पण विणलेल्या पोत्यावर शाई पसरते, बारीक खाचा बुजतात आणि शेवटी छपाईचा डाग वाटावा असा ओबडधोबड ठिपका उरतो. म्हणून संगणकाच्या पडद्यावर पसंती देऊ नका. आधी एक पोतं छापून घ्या. त्यावर कणीस ओळखू येत नसेल, तर साधा, भरीव ‘म’च छापावा.