लहानग्यांची इंग्रजी परीक्षा आणि घरचा सराव

रविवारची वंदना आटोपून मंडळी विहाराच्या पायऱ्या उतरू लागली की कोणीतरी पालक हातात शाळेचे पत्रक घेऊन आमच्या अभ्यासवर्गाच्या कार्यकर्त्यांना गाठतात. पत्रकात 'स्टार्टर्स' किंवा 'मूव्हर्स' या परीक्षेचे नाव आणि फीचा आकडा असतो. पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो. "आम्हाला इंग्रजी येत नाही, मग लेकराकडून तयारी कशी करून घ्यायची? पाठांतर तर घेतोच आहोत." या शेवटच्या वाक्यामुळेच हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले.

प्रथम परीक्षेविषयी थोडे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने 1997 साली लहान मुलांसाठी इंग्रजीच्या तीन पायऱ्यांच्या परीक्षा सुरू केल्या. पहिली स्टार्टर्स, दुसरी मूव्हर्स आणि तिसरी फ्लायर्स. 2018 साली त्यांत काही बदल झाले, परंतु पायऱ्या त्याच राहिल्या. साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी त्या आहेत. प्रत्येक पायरीवर तीन भाग असतात : ऐकणे, वाचन-लेखन आणि बोलणे. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त पाच ढाली, म्हणजे एकूण पंधरा. येथे कोणी नापास होत नाही, प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र मिळते. वरच्या इयत्तेत जाण्यासाठी ही परीक्षा लागत नाही, हेही पालकांनी फी भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. घरखर्चाला कात्री लावून भरण्याइतकी ती आवश्यक नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र फी भरलीच असेल, तर तयारी अशी व्हावी की त्यातून मुलाला थोडे इंग्रजी खरोखर यावे.

पाठांतराने काय होते, ते आमच्या वर्गातील एका मुलीच्या उदाहरणावरून सांगतो. ती दुसरीत शिकणारी, स्टार्टर्सला बसणार होती. या परीक्षेची शब्दांची यादी मंडळच विनामूल्य देते. वडिलांनी ती छापून आणली आणि रोज पाच शब्द, प्रत्येकी दहा वेळा, असा नेम घालून दिला. वह्या भरल्या. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, तेव्हा संध्याकाळी ग्रंथवाचनाच्या आधीचा अर्धा तास आम्ही या मुलांसाठी राखून ठेवला. त्या पहिल्याच संध्याकाळी महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या एका ताईने तिच्यापुढे पुस्तक, चेंडू, खुर्ची अशा वस्तू मांडल्या. प्रत्येक वस्तूचे नाव तिला येत होते. मग ताई म्हणाली, "पुट द बॉल अंडर द चेअर." मुलीने चेंडू उचलला आणि खुर्चीवर ठेवला. "पुट द बुक नेक्स्ट टू द बॉल." पुस्तक चेंडूच्या खाली गेले. अशा बारा सूचनांपैकी चारच बरोबर आल्या. वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "शब्द तर सगळे पाठ आहेत हो!"

शब्द पाठ होते हे खरेच. अडले ते शब्दांच्या मध्ये. स्टार्टर्सच्या तोंडी परीक्षेची सुरुवातच अशी असते. मुलापुढे एक मोठे चित्र असते, लहान लहान कार्डे असतात आणि परीक्षक सांगतील त्या ठिकाणी कार्ड ठेवायचे असते. ऐकण्याच्या परीक्षेचा शेवटचा भागही याच जातीचा आहे. चित्रात एकच वस्तू अनेक ठिकाणी असते आणि ध्वनिफितीतील संभाषण ऐकून त्यांतील नेमकी वस्तू नेमक्या रंगाने रंगवायची असते. टेबलाखालचा चेंडू निळा, झाडामागचा हिरवा, असे. 'बॉल' हा शब्द येथे काहीच सोडवत नाही, कारण चित्रात सगळे चेंडूच असतात. सगळे काम 'अंडर' आणि 'बिहाइंड' करतात.

मराठी मुलाची येथे आणखी एक अडचण होते, असे आमच्या पाहण्यात आले. आपण 'टेबलाखाली' म्हणतो. 'खाली' हे नामाच्या मागे, त्याला चिकटून येते आणि स्पष्ट ऐकू येते. इंग्रजीत हा लहान शब्द नामाच्या आधी येतो आणि बोलण्याच्या ओघात हलकेच उच्चारला जातो. मूल 'टेबल' या ओळखीच्या शब्दाची वाट पाहत असते. तो येईपर्यंत 'अंडर' निघून गेलेला असतो. मग मूल अंदाज करते, आणि चेंडू टेबलाजवळ म्हटले की बहुतेकांचा अंदाज 'वर' हाच असतो. यादी घोकल्याने हा दोष वाढतो, कारण यादीत प्रत्येक शब्द सुटा आणि सारख्याच वजनाने म्हटला जातो.

आपल्या मुलाचे असे होते आहे का, हे घरी दोन मिनिटांत कळते. एक चमचा आणि एक पेला घ्यावा. आधी म्हणावे, "पुट द स्पून इन द कप." नंतर, "पुट द स्पून अंडर द कप." दोन्ही वेळा चमचा पेल्यातच गेला, तर मूल फक्त वस्तूंची नावे ऐकत आहे असे समजावे.

मुलीच्या आईला इंग्रजी मुळीच येत नव्हते. आम्ही तिला एक चिठ्ठी लिहून दिली : इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर खाली, नेक्स्ट टू शेजारी, बिहाइंड मागे, इन फ्रंट ऑफ पुढे, बिट्वीन दोहोंच्या मध्ये. इतकी सातच ओळींची. ती भांड्यांच्या मांडणीवर चिकटवली. मग खेळ उलटा केला. हुकूम मुलीने सोडायचा आणि आईने पाळायचा. मुलगी म्हणणार, "पुट द स्पून अंडर द प्लेट," आणि आईने चिठ्ठी पाहून चमचा ताटलीखाली ठेवायचा. मधूनच आईने मुद्दाम चूक करायची. तेव्हा मुलगी ओरडायची, "नो! अंडर!" हा 'अंडर' तिने वहीत दहा वेळा लिहिलेल्या 'अंडर'पेक्षा वेगळा होता, कारण त्याच्यावाचून तिचे काम अडले होते. स्वयंपाक होईस्तोवर दहा मिनिटे, एवढाच वेळ. कंटाळा आला की बंद.

यात आमचीही एक चूक झाली. पेला, वाटी, डबा यांना तोंड नसते. त्यामुळे 'पुढे' आणि 'मागे' कोणते, यावर मायलेकींचा वाद होई. मग बाहुली घेतली. बाहुलीच्या तोंडासमोर ते 'इन फ्रंट ऑफ' आणि तिच्या पाठीकडे ते 'बिहाइंड'. वाद मिटला.

आपल्या उच्चारांमुळे मुलाचे बिघडेल, ही भीती बऱ्याच आईवडिलांना असते. घरच्या खेळात आपल्या उच्चारांनी काही बिघडत नाही. परीक्षेतील बोलण्याची सवय व्हावी म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका आणि त्यांचे ध्वनिमुद्रण विनामूल्य मिळते, ते आठवड्यातून एकदा ऐकवावे. मात्र नमुना प्रश्नपत्रिका रोज सोडवून घेऊ नये. एक सुरुवातीला, प्रश्नांचे रूप कळण्यासाठी, आणि एक परीक्षेच्या आठवडाभर आधी, एवढ्या पुरे झाल्या. रोज सोडवल्या तर मुलाला इंग्रजीऐवजी ती प्रश्नपत्रिकाच पाठ होते.

ऐकण्याच्या परीक्षेतील एका गोष्टीची कल्पना मुलाला द्यावी. तीन चित्रांपैकी एकावर खूण करायची असते, तेथे संभाषणात पुष्कळदा तिन्ही चित्रांतील वस्तूंचा उल्लेख येतो. मुलगा आईला म्हणतो, मला सफरचंद हवे. आई म्हणते, सफरचंद संपले, केळे घे. घोकलेले मूल 'ॲपल' ऐकताच खूण करून मोकळे होते. ध्वनिफीत दोनदा वाजते. पहिल्यांदा बोट ठेवून ऐकायचे आणि दुसऱ्यांदा खूण कायम करायची, एवढी सवय लावली की पुरे. बाजारातून आल्यावर मराठीतूनही हा खेळ खेळता येतो. "भेंडी घेणार होतो, पण महाग होती, म्हणून गवार आणली. पिशवीत काय आहे?" शेवटपर्यंत ऐकण्याची सवय कोणत्याही भाषेत लागते.

तोंडी परीक्षेत नाव, वय, घरची माणसे, शाळा, मित्र यांविषयी थोडे विचारतात. यासाठी 'माय नेम इज' पासून 'आय लव्ह माय इंडिया' पर्यंतची माळ पाठ करून घेण्याची प्रथा आहे, ती सोडून द्यावी. आमच्या वर्गातील एका मुलाला मित्राचे नाव विचारले, तर 'फ्रेंड' या शब्दावरून त्याची माळ सुरू झाली आणि वडिलांच्या नोकरीपर्यंत पोहोचल्यावर थांबली. स्टार्टर्सला एका शब्दाचे उत्तरही चालते. आणि 'सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड' एवढे वाक्य मात्र अवश्य शिकवावे. न समजल्याचे सांगितले म्हणजे मान खाली जात नाही, परीक्षक प्रश्न पुन्हा किंवा सोपा करून विचारतात. आपल्या मुलांना हे वाक्य उच्चारायला फार जड जाते. शाळेत 'समजले नाही' म्हटल्यावर काय होते, ते त्यांना ठाऊक असते. म्हणून घरात ते मोठ्यांनी आधी म्हणावे. मुलीच्या आईने सुरुवातीला हेच एक इंग्रजी वाक्य शिकून घेतले होते आणि मुलीचा हुकूम कळला नाही की ती ते म्हणत असे.

स्पेलिंगचे काम थोडे निराळे आहे. वाचन-लेखनाच्या भागात स्पेलिंग अचूक लागते, तेथे सूट नाही. परंतु एका प्रश्नात अक्षरे उलटसुलट करून दिलेलीच असतात, ती फक्त नीट लावायची असतात. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरे लिहून कापून घ्यावीत आणि मुलाला जुळवू द्यावीत. ऐकण्याच्या भागात नावे अक्षर-अक्षर सांगतात, तेथे 'जी' आणि 'जे', 'ए' आणि 'ई' यांचा आमच्या मुलांचा हटकून घोटाळा होतो. ह्युगोचा 'जी' आणि जिलचा 'जे'. घरातील, शेजारच्या माणसांची नावे अक्षरे सांगून लिहायला लावली की हा घोटाळा हळूहळू कमी होतो.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, त्या आठवड्यात आम्ही त्या मुलीला पुन्हा बारा सूचना दिल्या. वस्तू बदललेल्या होत्या. दहा बरोबर आल्या आणि अकरावीला तिने 'सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड' म्हटले. परीक्षेत तिला ऐकण्यात चार, बोलण्यात पाच आणि वाचन-लेखनात तीन ढाली मिळाल्या. वडिलांना त्या तीन ढालींची रुखरुख होती. दहा दहा वेळा लिहूनही तेथेच कमी का, असे ते विचारीत होते. मुलगी त्या वेळी विहाराच्या ओट्यावर धाकट्या भावाला उभे करून सांगत होती, "स्टँड बिहाइंड मी. नो, बिहाइंड!"